रहस्यकादंबरीची शब्दसंख्या

> पहिलीच रहस्यकादंबरी १ लाख ४० हजार शब्दांची झालीय. लंडनच्या एजंटांना तशीच पाठवू का?

तशी नका पाठवू. इंग्रजीत नवख्या लेखकाच्या रहस्यकादंबरीकडून साधारण ७० ते ९० हजार शब्दांची अपेक्षा असते. लाखाच्या वर चालतं ते एपिक फँटसीत, कारण तिथे अख्खं जग उभं करायचं असतं. शब्दसंख्या एजंटला लिहिलेल्या पत्रातच द्यावी लागते. त्यामुळे आकडा बघूनच संपादन झालेलं नाही असा ग्रह होतो आणि नमुना प्रकरणं वाचलीच जात नाहीत, ही खरी भीती.

एका मैत्रिणीच्या हस्तलिखितात फापटपसारा सापडला तो चौकशीच्या प्रसंगांत. साक्षीदाराची जबानी वाचकासमोर व्हायची आणि पुढच्या प्रकरणात इन्स्पेक्टर तीच ठाण्यात सहकाऱ्याला पुन्हा सविस्तर ऐकवायचा. हे दुसरे प्रसंग एकेका ओळीत आटपले. एकाच हेतूचे दोन संशयित होते, त्यांचा एक केला. फक्त कात्री लावण्याआधी कोणता धागादोरा कुठल्या पानावर पेरलाय याची यादी करा. रहस्यकथेचा वाचक शेवट कळल्यावर मागे जाऊन तपासतो, आणि धागा गायब दिसला तर फसवल्यासारखं वाटतं त्याला.