अनुभव धागा: समितीसमोरची पहिली दोन मिनिटं

काळी_माती: काल एक विद्यार्थिनी संशोधन अनुदानाच्या सादरीकरणाची तालीम करत होती. पहिली चार वाक्यं स्वतःच्या पदव्यांवर. मला माझी पहिली खेप आठवली. वेळ दहा मिनिटं. मी नाव, कॉलेज, पीएचडी, शोधनिबंध सांगत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, हे फाइलमध्ये आहे. करणार काय?" तोवर दोन मिनिटं गेली होती. प्रस्ताव नामंजूर झाला.

दुसऱ्या वर्षी अशी सुरुवात केली: "नमस्कार, मी अंबाजोगाईला वनस्पतिशास्त्र शिकवते. तूर फुलोऱ्यात आली की उभी झाडं वाळतात. ही मर रोगाची बुरशी मातीत काही वर्षं टिकते, म्हणून नुसती बीजप्रक्रिया पुरत नाही. आधी ज्वारी घेतली तर आमच्या मातीत ही बुरशी किती कमी होते, एवढंच मला मोजायचंय. १२ शेतं, दोन हंगाम. त्यातल्या सहा शेतांतून मी दोन वर्षं नमुने घेतेय." बाकीची ओळख शेवटच्या वाक्यात आली, तीही कामातून. तुमचे अनुभव लिहा.

परभणीकर: आम्ही तर पाठच करून जायचो. पाठ असलं की भीती जाते.

जुना_सदस्य: पाठ करावं, पण फक्त पहिलं वाक्य. बाकी पाठ असलं की मध्येच कोणी काही विचारल्यावर धागा तुटतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारे मी पाहिलेत. मी समितीत बसलोय. एका दिवसात पंधरा-वीस जण येतात, आणि सगळे सदस्य तुमच्या विषयाचे नसतात. भौतिकशास्त्राच्या माणसाला 'फ्युजेरियम' हे बुरशीचं नाव कळत नाही, वाळलेलं झाड कळतं. नेमकं काय मोजणार हे दोन मिनिटांत ऐकू आलं, की पुढचे प्रश्न पद्धतीवर येतात. नाही आलं तर "यात नवीन काय?" इथंच वेळ जातो. ताई, १२ शेतं का, हा प्रश्न आला असेल ना?

काळी_माती: आला सर. सहा ज्वारीनंतरची, सहा सलग तुरीची. उत्तर तयार होतं, पण पाऊसमान वेगळं पडलं तर काय, याला अडखळले. मंजूर झालं, पैसे कमी करून.

शिवार: अर्ज कुठं करायचा? माझं पीककर्ज अडकलंय.

परभणीकर: भाऊ, हे संशोधनाचं चाललंय, कर्जाचं नाही. बँकेत विचारा.

लातूरची_लेक: मी आधी बजेट सांगते, पारदर्शक वाटतं.

जुना_सदस्य: काम कळण्याआधी आकडा ऐकला की लोक तो महाग की स्वस्त हेच ठरवत बसतात.

लातूरची_लेक: माझं तसंच मंजूर झालं होतं. छोटी रक्कम होती, खरंय.

शिवार: बरं ताई, माझी तूर पण वाळायलीय. मरच आहे हे कसं ओळखू?

काळी_माती: दादा, बुडाजवळ खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या तर बहुतेक मरच. फोटो टाका.

शिवार: दिसायल्यात. संध्याकाळी टाकतो, आता मोटर चालू करायला चाललो.