मदत हवी आहे : रोख सूट दिल्यानंतर माल परत आल्यास नोंद कशी करावी?

विक्रेत्याच्या पुस्तकांतील एका नोंदीबाबत जाणकारांचे मत हवे आहे. यादीनुसार १०,००० रुपये किमतीचा माल २०% व्यापारी सुटीने उधारीवर विकला, आणि १० दिवसांत पैसे दिल्यास २% रोख सूट अशी अट ठेवली. व्यापारी सूट बीजकातच वजा होत असल्याने तिचे वेगळे खाते उघडले जात नाही, आणि विक्री पुस्तकात थेट ८,००० रुपयेच लिहिले जातात. ग्राहकाने मुदतीत पैसे दिल्यावर बँक खाते ७,८४० ने व दिलेली सूट खाते १६० ने नावे, आणि ग्राहकाचे खाते ८,००० ने जमा केले. इथपर्यंत शंका नाही.

त्यानंतर यादीनुसार १,००० रुपयांचा माल परत आला. विक्री परत खात्यात १,००० लिहिणे चूकच ठरेल, कारण विक्री मुळात ८०० रुपयांनी नोंदली होती. खरी अडचण रोख सुटीची आहे. या मालापोटी ग्राहकाने प्रत्यक्षात ७८४ रुपयेच दिले असल्याने त्याला ८०० परत केल्यास १६ रुपये जास्त जातील. म्हणून विक्री परत खाते ८०० ने नावे, ग्राहकाचे खाते ७८४ ने आणि दिलेली सूट खाते १६ ने जमा, अशी नोंद मला योग्य वाटते. मात्र सहकाऱ्यांच्या मते ग्राहकाने मुदत पाळलेली असल्यामुळे एकदा दिलेली सूट मागे घेता येत नाही. आपण प्रत्यक्ष कामात यांपैकी कोणती पद्धत वापरता, आणि सूट मागे घेताना क्रेडिट नोटमध्ये ती वेगळी दाखवता का?