कॉम्प्रेसरचं वार्षिक सर्व्हिस काँट्रॅक्ट घ्यावं का? मदत हवी आहे

टूलरूमवाला: २० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. सर्व्हिसवाला वर्षाचे ३० हजार मागतोय आणि दोन वर्षांत दुरुस्तीला सगळे मिळून ४८ हजार गेलेत, म्हणजे वर्षाला २४च, मग बंद पडल्यावर दुरुस्त केलेलं परवडतं ना? भाऊ ऐकत नाही. संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

बेअरिंगबाबा: तो बंद पडला की काय काय थांबतं? किती वेळा पडला, कशानं?

टूलरूमवाला: तीन व्हीएमसी आहेत, हवा नसेल तर टूलच बदलत नाही. चारदा पडला. दोनदा टेंपरेचरवर ट्रिप, एकदा सेपरेटर चोक होऊन लाइनीत तेल, एकदा कार्ड जळलं. दर वेळी दहाएक तास गेले.

जॉबवर्क_पुणे: मग ते तास कोण मोजणार? ५०० रुपये रेट धर, तीन मशीन, दहा तास, १५ हजार एका वेळेला. डोळे मिटून घे काँट्रॅक्ट.

बेअरिंगबाबा: ५०० नको धरू, बंद मशीन वीज आणि इन्सर्ट खात नाही. ३०० धर, म्हणजे ९ हजार. सुट्टीच्या दिवशी काम भरून काढत असशील तर त्याहून कमी. वर दुरुस्ती १२, एकूण २१ हजार एका खेपेला. आता कार्ड व्होल्टेजनं जातं, सर्व्हिसनं ते वाचत नाही, म्हणून ते सोड. उरले दोन वर्षांत तीन. सर्व्हिसनं त्यातले दोन टळले तर वर्षाला २१ हजार वाचले, दिले ३०.

टूलरूमवाला: मी तेच म्हणत होतो!

बेअरिंगबाबा: थांब. एअरएंड धरलाच नाहीये. तो जॅम झाला तर दीड लाख, शिवाय पाच दिवस दोन्ही शिफ्ट बंद म्हणजे अजून ७२ हजार. वर्षात दहात एक शक्यता धरली तर त्याचेच २२ हजार होतात आणि काँट्रॅक्ट सरळ परवडतं. वीसात एक धरली तर जेमतेम.

जॉबवर्क_पुणे: दहात एक कुठून आणलं? माझा सहा वर्षं चाललाय.

बेअरिंगबाबा: तुझा कूलर साफ असेल. याचा दोनदा तापून ट्रिप झालाय.

गिरणीवाले_काका: आमच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा दर चार महिन्यांनी तुटतो, त्याला कुठली कंपनी चांगली?

स्टँडबाय: काँट्रॅक्ट सोड, जुना पिस्टनवाला घेऊन बाजूला ठेव, मशीन थांबणारच नाहीत.

बेअरिंगबाबा: तीन व्हीएमसीला पुरेल एवढी हवा देतो का ते आधी बघ. आणि एअरएंड त्यानं वाचत नाही. टूलरूमवाला, थोडं तेल काढून बघ, काळं पडलंय का, जळका वास येतो का. तास किती झालेत?

टूलरूमवाला: मीटर ७१०० दाखवतोय. तेल चहासारखं आहे, वास येतोय थोडा. शेवटचं कधी बदललं ते भावालाच माहीत, तो फोन उचलत नाहीये.