चौकश्या येतात, विक्री नाही
"कुडाळला सागवानी फर्निचर विकतो. पाच आठवडे फेसबुकवर जाहिरात चालू आहे. ४० चौकश्या आल्या, विक्री शून्य. बंद करू का?"

दादा, एवढ्यात नको. एरवी ५० चौकश्यांमागे एक सोफा जात असेल, तर ४० मध्ये एकही न जाण्याची शक्यता ०.९८ चा ४० वा घात, म्हणजे जवळपास ४५ टक्के. जाहिरात चांगली असूनही असं होतं. सलग १५० चौकश्या कोरड्या गेल्या तर ही शक्यता ५ टक्क्यांवर येते, तेव्हा खरंच शंका घ्या. तोवर कोटेशन किती जणांनी मागितलं ते मोजा. तेही कुणी मागत नसेल, तर जाहिरात भलत्याच लोकांना दिसतेय. गणपतीत मुंबईहून येऊन घेणाऱ्याला कुठे पाहिलंत, हे विचाराच. क्लिकनंतर महिन्याने दुकानात झालेली विक्री फेसबुकच्या आकड्यांत आपोआप येत नाही.