गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घ्या

"जिराफाची मान सोडून नॅचरल सिलेक्शनचं आपल्याकडचं एखादं उदाहरण मिळेल का, मुलीच्या निबंधासाठी?"

कापसावरची गुलाबी बोंडअळी घ्या. बीटी कापूस आपल्याकडे २००२ ला आला, त्याच्या झाडातच तयार होणाऱ्या विषाने अळ्या मरायच्या, आणि २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात बीटी कापसाचीच बोंडं अळीने पोखरली. इथे मुलं हमखास लिहितात की अळीला विषाची सवय झाली, ते साफ चूक आहे. कुठल्याच अळीला सवय झाली नाही. लाखोंमध्ये एखाद-दुसरीत त्या विषाला दाद न देणारा जीन योगायोगाने आधीच होता, बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, आणि उरलेल्यांचीच पिलावळ पुढच्या हंगामात वाढली.

ह्यातली खरी मजा रेफ्युजमध्ये आहे, तो भाग निबंधात जरूर घ्या. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं यायचं, शेताच्या कडेने लावायला. त्या साध्या झाडांवर विषाने मरणाऱ्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि प्रतिकाराचा जीन रिसेसिव्ह, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच काम करणारा, असल्याने बहुतेक पिल्लं बीटीवर मरतात. पण उत्पन्न बुडेल म्हणून बहुतेकांनी ते लावलंच नाही. वर फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस शेतात तसाच राखला, की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं, पिढ्या वाढतात.

आणि कापसावरचीच अमेरिकन बोंडअळी इतकी प्रतिकारक का झाली नाही? ती तूर, हरभराही खाते, त्यामुळे तिला रेफ्युज आपोआप मिळालं. गुलाबीचं पोट जवळपास फक्त कापसावर, म्हणून तिच्यावर निवडीचा दाब जास्त पडला.