अनुभव धागा: दुकानगाळ्याच्या बिलात भाडं वेगळं, मेंटेनन्स वेगळा

धागाकर्ता (चार गाळ्यांचा मालक): माझे एका रांगेत चार गाळे आहेत: ३००, २००, २०० आणि १०० चौरस फुटांचे. इतकी वर्षं भाडं आणि देखभाल मिळून एकच आकडा लिहायचो. यंदापासून बिलात दोन ओळी केल्या. झाडलोट, बाहेरचे दिवे, पंप आणि टाकीची सफाई धरून वर्षाचा खर्च ४८,०००. दोनशे फुटांच्या एका भाडेकरूला महिना १,३३३ लावले, तर त्याने विचारलं, "भागलं कशाने?" तुम्ही काय करता, तुमच्या बाबतीत काय झालं, ते लिहा. मालक-भाडेकरू दोघांनीही.

हिशेबनीस: भाडेकरूने नेमका प्रश्न विचारलाय. चारही गाळ्यांचं क्षेत्रफळ मिळून ८००. त्यात २०० म्हणजे पाव हिस्सा, वर्षाचे १२,००० आणि महिन्याचे १,०००. तुमचे १,३३३ येतात ते ६०० ने भागल्यावर. दोनशेचा दुसरा गाळा रिकामा आहे का?

धागाकर्ता: हो, पाच महिने झाले. पण झाडणारा काही कमी पैसे घेत नाही ना!

हिशेबनीस: घेत नाही, म्हणूनच तो हिस्सा तुमचा. गाळा रिकामा राहिला तर त्याचं भाडं तुम्ही शेजाऱ्याकडून मागत नाही, मग त्याची झाडलोट का मागायची? करारात "भरलेल्या गाळ्यांत वाटणी" असं स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर भाजक ८०० च ठेवा आणि तो बिलावर छापा: "४८,००० × २०० ÷ ८०० ÷ १२". एवढी एक ओळ असली की फोन येत नाहीत.

शिवणकामवाला: माझा उलटा अनुभव. मालक वेगळा मेंटेनन्स घ्यायचे आणि शटरची स्प्रिंग तुटली तरी म्हणायचे, तुमचं तुम्ही बघा. मग मेंटेनन्स कसला?

हिशेबनीस: तो सामाईक जागेचा असतो. शटर कोणाचं हे करारातलं वेगळं कलम. बिलातल्या ओळीवर नुसतं "मेंटेनन्स" न लिहिता "सामाईक देखभाल" लिहिलं तर हा घोळ निम्मा कमी होतो.

नवी भाडेकरू: माझ्या माहितीप्रमाणे ओळ वेगळी केली की मालकाला सगळ्या पावत्या दाखवाव्याच लागतात. मी मागितल्या आणि मिळाल्या.

हिशेबनीस: तुमच्या करारात "प्रत्यक्ष खर्चानुसार" असं असणार. ठोक रक्कम ठरलेली असेल तर पावत्यांवर हक्क आपोआप येत नाही. मात्र ठोक रकमेत मालकाचा खर्च वाढला तर फरकही मागता येत नाही. दोन्हीकडचे फायदे घेणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत.

कोपऱ्यातली लाँड्री: एक वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. माझा गाळा लहान, पण पाणी सगळ्यांत जास्त मी ओढतो. फुटांवर वाटणी झाली तर फायदा माझा, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. शेजारचे म्हणतात, पंपाची वीज तुझ्याकडूनच जास्त घ्यावी. पाण्याला मीटर नाही, मग किती जास्त?

गाळा सोडलेला: मला वेगळ्याच जागी फटका बसला. मेंटेनन्स पटला नाही म्हणून मी फक्त भाडं भरत राहिलो. मालकांनी माझ्या रकमेतून आधी मेंटेनन्स वळता केला आणि उरलेलं भाड्यात धरलं. कागदावर मी भाडं थकवणारा झालो, आणि मेंटेनन्सची बाकी शून्य! पुढे पैसे पाठवताना "अमुक महिन्याचं भाडं" असं लिहायला लागलो.

आणखी एक. आमच्याकडे भाडं येणाऱ्या महिन्याचं आणि देखभाल सरलेल्या महिन्याची असायची. बिलावर मात्र महिना एकच छापलेला. किल्ल्या दिल्यानंतर आणखी एका महिन्याची देखभाल डिपॉझिटमधून कापली. ती मला दुसऱ्यांदा घेतल्यासारखी वाटली. नंतर हिशेब लावला तर बरोबर होती. बिलाच्या दोन ओळींवर दोन वेगळे महिने लिहिले असते तर भांडण झालंच नसतं.

धागाकर्ता: रात्री वही घेऊन बसलो. तिघांकडून मिळून महिना १,००० जास्त घेतलेत, म्हणजे बरोब्बर रिकाम्या गाळ्याचा हिस्सा. पाच महिन्यांचे ५,०००. दोनशेवाल्याचे १,६६५ पुढच्या बिलात वजा दाखवतो, बाकी दोघांचंही तसंच. पण त्या दोघांनी काही विचारलेलंच नाही. बायको म्हणते, नवीन बिलावर भाजक छापलात की विचारतील, त्याआधीच द्या.

हिशेबनीस: वहिनींचं ऐका. वजावट मात्र "मागील देखभाल समायोजन" म्हणून तिसऱ्या ओळीत दाखवा, भाड्यातून कापू नका. नाहीतर भाडंच कमी केलं असं पुढे कोणी म्हणेल.

कोपऱ्यातली लाँड्री: आणि माझ्या पंपाचं काय?