मदत हवी आहे: प्रॅक्टिकलचा ६×६ तक्ता अर्धा भरलाय, उरलेला भरतच नाही

प्रॅक्टिकलवाली_परळ

मी परळला एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बारावीच्या सहा बॅच आहेत, सहा प्रयोग आहेत आणि हातात सहा आठवडे. प्रत्येक प्रयोगाचा एकच चालू सेट आहे, म्हणून एका आठवड्यात एक प्रयोग एकाच बॅचला देता येतो. आणि सहाव्या आठवड्याअखेर प्रत्येक बॅचचे सहाही प्रयोग झालेले हवेत. जर्नल सर्टिफाय करायचंय.

पहिल्या चार बॅचच्या शिक्षकांनी पहिल्या तीन आठवड्यांचं आपापसात ठरवून मला कागद दिलाय. म = मीटर ब्रिज, प = पोटेन्शिओमीटर, स = सोनोमीटर, र = रेझोनन्स ट्यूब, ड = डायोड, भ = भिंग.

```
         आ१ आ२ आ३ आ४ आ५ आ६
बॅच १    म   प   स   .   .   .
बॅच २    प   स   र   .   .   .
बॅच ३    स   ड   म   .   .   .
बॅच ४    र   म   ड   .   .   .
बॅच ५    .   .   .   .   .   .
बॅच ६    .   .   .   .   .   .
```

आडव्या ओळीत काही दोनदा नाही, उभ्यात नाही. तरीही कसंही भरलं तरी चौथ्या बॅचपाशी अडतं. माझं भरणं चुकतंय की कागदच चुकलाय, हे कळायची काही रीत आहे का? सगळ्या शक्यता बघत बसायला वेळ नाही.

डोंबिवली_फास्ट

एवढं कशाला? पहिल्या बॅचला म प स र ड भ द्या, दुसरीला एक घर सरकवून प स र ड भ म, तिसरीला स र ड भ म प. असं सहा वेळा सरकवलं की झालं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या पाळ्या आम्ही अशाच लावतो.

प्रॅक्टिकलवाली_परळ

ते कोऱ्या कागदावर, दादा. इथे बारा घरं आधीच भरलेली आहेत. बॅच ३ ची ओळ स ड म अशी आहे, सरकवून ती येत नाही.

ऑयलरभक्त

थांबा, सहाचा चौरस होतच नाही ना? ऑयलरचे ३६ अधिकारी! सहा रेजिमेंट, सहा हुद्दे. टॅरी नावाच्या माणसाने १९०० च्या सुमारास सगळं तपासून अशक्य आहे म्हणून दाखवलं. तुम्ही विनाकारण डोकं फोडताय.

मोजणीदार

ऑयलरभक्त, तो प्रश्न वेगळा. तिथे एकाच वेळी दोन चौरस हवेत आणि दोन्ही एकावर एक ठेवले की प्रत्येक जोडी एकदाच यायला हवी. सहासाठी ते खरंच होत नाही. (पुढे बोस, पार्कर आणि आपले श्रीखंडे यांनी सहापुढच्या सगळ्या संख्यांना ते होतं हे दाखवलं. श्रीखंडे नंतर मुंबई विद्यापीठात गणित विभागात होते.) ताईंना एकच चौरस हवाय, आणि एकटा सहाचा चौरस कुणीही सरकवून बनवेल.

आता मूळ प्रश्न. ताई, कागदच चुकलाय. भरून बघायची गरज नाही, फक्त मोजा. कुठला प्रयोग किती बॅचच्या ओळीत अजून आलेला नाही?

म फक्त बॅच २ मध्ये नाही. स फक्त बॅच ४ मध्ये नाही. प, र आणि ड प्रत्येकी दोन बॅचमध्ये नाहीत. आणि भ? चारही बॅचमध्ये नाही. चार बॅचना भिंगाचा प्रयोग करायचाय, आठवडे उरलेत तीन, भिंगाचा सेट एक. बसणारच नाही. तुम्ही चौथ्या बॅचपाशी अडताय ते याचमुळे. भरायचा क्रम बदललात तर दुसऱ्या कुठल्यातरी बॅचपाशी अडाल.

डोंबिवली_फास्ट

अरे वा. म्हणजे प्रत्येक अक्षर किमान एकदा तरी भरलेल्या भागात आलंच पाहिजे?

मोजणीदार

तुमच्या आकाराला, हो. भरलेला भाग ४×३ चा, चौरस ६ चा: ४ + ३ − ६ = १. भाग ४×४ चा असता तर प्रत्येक अक्षर किमान दोनदा लागलं असतं. हे १९५१ साली रायझरने सिद्ध केलं, आणि त्यातली खरी मजा उलट्या बाजूला आहे. एवढी मोजणी जमली की चौरस नक्की पूर्ण होतो, दुसरी काही अट नाही.

ते का, तर असं बघा. मोजणी जमली म्हणजे प्रत्येक बॅचला तीन प्रयोग हवेत आणि एकही प्रयोग तीनपेक्षा जास्त बॅचना नकोय. आता कुठल्याही दोन बॅच घ्या. त्यांच्या मिळून सहा मागण्या होतात, आणि एक प्रयोग फार तर तीन बॅचच्या मागण्यांत असतो, म्हणजे त्या दोघींच्या याद्यांत मिळून निदान दोन वेगळे प्रयोग असतातच. तीन घ्या, चार घ्या, हिशोब तोच. म्हणून दर आठवड्याला प्रत्येकीला वेगळा प्रयोग वाटता येतो.

प्रॅक्टिकलवाली_परळ

कळलं. म्हणजे कुणाला तरी एका घरात भिंग घ्यायला लावायचं. कुणाला? सगळे सीनियर आहेत.

मोजणीदार

गणिताच्या दृष्टीने बारापैकी कुठल्याही घरात चालेल. भ कुठेच नाही, त्यामुळे टक्कर होणार नाही. आणि बाकी प्रत्येक अक्षर दोनदा किंवा तीनदा आलंय, एक कमी झालं तरी किमान एकदा उरतंच. पण माझं मत विचाराल तर म किंवा स काढा, ती तीन-तीनदा आलीयत. प, र, ड पैकी एक काढलंत तर तेही एकदाच उरेल आणि हाताने भरताना दोन प्रयोगांवर नजर ठेवावी लागेल.

प्रॅक्टिकलवाली_परळ

बॅच १ च्या आठवडा ३ मध्ये स च्या जागी भ केलं. ते सर त्यातल्या त्यात ऐकतील. मग उरलेल्या याद्या अशा:

```
बॅच १: स र ड
बॅच २: म ड भ
बॅच ३: प र भ
बॅच ४: प स भ
```

आठवडा ४ ला स, म, र, प असं दिलं. चारही वेगळे. पुढे पाचव्यात पुन्हा अडलं! तुम्ही तर नक्की होतं म्हणालात.

मोजणीदार

पूर्ण होतो म्हणजे कसाही भरला तरी होतो असं नाही. तुमच्या चौथ्या आठवड्यात भ कुठे आहे? नाही. आता तीन बॅचना भिंग हवंय आणि आठवडे दोन उरले. तुम्ही स्वतःच पुन्हा तोच पेच तयार केलात. 😀

नियम एवढाच: आठवडा भरायच्या आधी बघा, एखादा प्रयोग जितके आठवडे उरलेत तितक्याच बॅचना हवा आहे का. असेल तर तो या आठवड्यात आलाच पाहिजे. इथे भ तसा आहे, तीन बॅच आणि तीन आठवडे. म्हणून दर आठवड्याला भ: चौथ्यात बॅच २, पाचव्यात बॅच ३, सहाव्यात बॅच ४. एक आठवडा भरला की परत मोजा, कारण चौथ्यानंतर दुसराच कुणी अडचणीचा होऊ शकतो. म्हणजे दोन आठवडे उरले असताना दोन बॅचना हवे असलेले सगळे.

डोंबिवली_फास्ट

मी भरून पाहिलं, लोकलमध्ये ठाणे यायच्या आत झालं:

```
बॅच १    म  प  भ  स  ड  र
बॅच २    प  स  र  भ  म  ड
बॅच ३    स  ड  म  र  भ  प
बॅच ४    र  म  ड  प  स  भ
```

पण बॅच ५ आणि ६ साठी परत हीच मोजणी करायची का?

मोजणीदार

नाही. पूर्ण आडव्या ओळी भरल्या की पुढच्या ओळी नेहमी बसतात, हे मार्शल हॉलने १९४५ मध्येच दाखवलंय. आता उभं मोजा, प्रत्येक आठवड्यात कुठले दोन प्रयोग उरलेत ते:

```
आ१: ड भ    आ२: र भ    आ३: प स
आ४: म ड    आ५: प र    आ६: म स
```

बॅच ५ ला पहिल्या आठवड्यात ड द्या. मग चौथ्यात ड देता येत नाही, म्हणून म. म गेला म्हणून सहाव्यात स, मग तिसऱ्यात प, पाचव्यात र, दुसऱ्यात भ. साखळी सुटत जाते. बॅच ५: ड भ प म र स. उरलेलं सगळं बॅच ६ चं: भ र स ड प म.

रात्रपाळी_कुर्ला

माझं थोडं वेगळं आहे. वॉर्डमधल्या ड्युट्या, सात जणी, सात दिवस, सात जागा. पण भरलेली घरं एका कोपऱ्यात नाहीत, इकडे तिकडे विखुरलेली, जिने जे मागितलं ते. एकूण दहाएक. हीच मोजणी लावू ना?

ऑयलरभक्त

चालेल. कमी घरं भरलेली असतील तर नेहमी पूर्ण होतं असं वाचलंय.

मोजणीदार

अर्धं बरोबर. ७ च्या चौरसात ६ घरांपर्यंत भरलेली असतील आणि आधीच टक्कर नसेल, तर कुठेही असली तरी पूर्ण होतं. इव्हान्सने १९६० मध्ये अंदाज मांडला होता, स्मेटानियुकने १९८१ मध्ये सिद्ध केला. सातव्या घरापासून हमी संपते. एका बाईचे सहा दिवस सहा वेगळ्या जागांनी भरले, आणि उरलेल्या दिवशी उरलेली जागा आधीच दुसरीला दिलेली असेल, तर सातच घरांत खेळ खलास. त्यांची तर दहाएक आहेत.

आणि रायझरची मोजणी विखुरलेल्या घरांना पुरत नाही. मोजून "होणार नाही" असं कधी कधी कळतं, पण "नक्की होईल" असं ती सांगत नाही. विखुरलेल्या घरांसाठी सगळ्या आकारांना चालेल अशी झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. कोलबर्नने १९८४ मध्ये दाखवलं की हा प्रश्न कठीण प्रश्नांच्या त्या मोठ्या कुटुंबातला आहे. सात म्हणजे लहानच, हाताने होईल. जिथे एकच पर्याय उरलाय ते घर आधी भरत जा. तक्ता टाका, बघतो.

रात्रपाळी_कुर्ला

उद्या ड्युटीवरून आल्यावर टाकते. दोघींनी अजून सांगितलंच नाहीये.

प्रॅक्टिकलवाली_परळ

तक्ता स्टाफरूममध्ये लावला. बॅच ५ चे सर आत्ताच येऊन गेले, त्यांना चौथ्या आठवड्यात पोटेन्शिओमीटरच हवाय म्हणे. म्हणजे माझाही प्रश्न आता विखुरलेल्या घरांचा झाला ना?

मोजणीदार

झाला. हमी गेली, पण आशा आहे. चौथ्यात प कुठल्याच जुन्या बॅचला द्यायचा नाही, म्हणजे बॅच ३ आणि ४ ने प पाचव्या-सहाव्यात आपसांत वाटून घ्यायचा. भ पुन्हा बॅच २ लाच चौथ्यात. तिथून भरत जा. माझ्या कागदावर बसलंय, पण बॅच १ च्या सरांनी भिंगाला होकार दिला का ते आधी सांगा.

प्रॅक्टिकलवाली_परळ

ते आज रजेवर आहेत.